फुलपुडीचा नवा भाव

अकोल्याच्या जठारपेठेत पहाटे साडेपाचला जो स्कूटीचा आवाज येतो, तो सुभद्राबाईचा. पुढे पायाशी टोपली, हँडलला दोन पिशव्या, डोक्याला मफलर. वय पंचावन्न. घरोघरच्या फाटकाला कापडी पिशवी अडकवलेली असते, तिच्यात पळसाच्या पानात बांधलेली फुलपुडी टाकायची आणि पुढच्या घराकडे वळायचं. अशी अडुसष्ट घरं. नवरा रामराव होता तोवर तो सायकलवर जायचा आणि ही घरी पुड्या बांधायची. तो गेल्यावर ती वयाच्या सदतिसाव्या वर्षी स्कूटी शिकली, दोनदा नालीत पडली, आणि तिसऱ्या दिवशी पुड्या घेऊन निघाली. लोक हसले तेव्हा म्हणाली, "देव काय माह्यासाठी उपाशी राहीन?" देव उपाशी राहत नाही हे तिलाही माहीत होतं. पण बाई तशीच होती. स्वतःच्या कामाला ती धंदा म्हणायची नाही, रतीब म्हणायची.

कोणत्या घरात कोणता देव, हे तिला पाठ. गणपतीवाल्यांच्या पुडीत जास्वंद आणि दुर्वा, महादेववाल्यांच्या पुडीत बेल, आणि निवृत्त प्राध्यापक किसनरावांच्या पुडीत एक छोटा हार जास्तीचा. तो त्यांच्या बायकोच्या, पार्वताबाईंच्या फोटोसाठी. त्या हाराचे तिने कधी पैसे लावले नाहीत. मोबाईलमध्येही तिने सगळी घरं अशीच जपून ठेवली होती: 'किसनराव सर, फोटोचा हार', 'माधवीताई, तुळस जास्त'. नंबर मागताना लाजायची, पण प्रत्येकाचा मागून घेतला होता. तिचा नंबर मात्र क्वचितच कोणी मागितला होता. हे तिच्या कधी ध्यानातच आलं नाही.

भाव दहा रुपये रोज, महिन्याचे तीनशे. सहा वर्षं तोच. स्वतःच्या अर्ध्या एकरातली फुलं पुरत नव्हती, उरलेली फुलबाजारातून आणावी लागत, आणि तिथे दसरा-दिवाळीत भाव चढला की उतरायचं नाव घेत नसे. वर पेट्रोल. नवीन सून रागिणीने एकदा हिशेब मांडला आणि सासूपुढे कागद धरला. "आत्याबाई, तुमी घरून पैसे टाकून राहिल्या. अजून वर्षभर असं चाललं तं रतीबच बंद करा लागते."

रतीब बंद, हे शब्द सुभद्राबाईच्या डोक्यातून दिवसभर गेले नाहीत. सकाळी उठून जायला घरं नसली तर उठायचं कशाला, असा तिचा सरळ सवाल होता. संध्याकाळी म्हणाली, "वाढवू. पण मले तोंडानं मागता येत नाई. दार वाजवून पैसे वाढवा म्हनायचं, शोभते काय?"

तसंही दार वाजवायची सोय नव्हती. पहाटे दारं बंद असत. पैशांसाठी ती महिन्यातून एकदाच, पहिल्या रविवारी दिवसा जायची आणि मागच्या महिन्याचे घ्यायची. म्हणून ठरलं की मेसेज टाकायचा. दिवाळी होऊ द्यायची, सणात भाव वाढवला असं कोणी म्हणायला नको, आणि पंधरा दिवस आधी कळवायचं.

रागिणीने पहिला मेसेज लिहिला तो असा: प्रिय ग्राहक, वाढत्या महागाईमुळे आपणांस खेदाने कळविण्यात येते की. सुभद्राबाईने तिथेच थांबवलं. "हे तं लाईन कापायची नोटीस आल्यावानी वाटते. अन् ग्राहक काहून म्हनते त्यायले? घरं हायेत ते आपले."

"मंग तुमी सांगा, मी लिवते."

चार दिवस लागले. बाई पुड्या बांधता बांधता एक वाक्य सांगायची आणि दुसऱ्या दिवशी खोडायला लावायची. शेवटी जे उतरलं ते असं:

"नमस्कार. मी सुभद्रा, सकाळी तुमच्या फाटकाला फुलपुडी ठेवते ती. सहा वर्षं दहा रुपये रोज हाच भाव ठेवला. आता बाजारात फुलं आणि पेट्रोल दोन्ही महाग झाले, तेवढ्यात भागत नाही. म्हणून १ डिसेंबरपासून महिन्याचे तीनशेऐवजी तीनशे साठ होतील. पुडीतली फुलं कमी करून तोच भाव ठेवता आला असता, पण देवाच्या पुडीत हात आखडता घेणं मला जमत नाही. ज्यांना जड वाटेल त्यांनी सांगावं, गुलाब न घालता लहान पुडी तीनशेतच देईन. राग मानू नका. काही विचारायचं असेल तर फोन करा. तुमच्या घराची मला सवय आहे."

भल्याभल्यांना असं लिहिता येत नाही. कारण सांगितलं, तारीख सांगितली, परवडत नसेल त्याला वाट ठेवली, आणि कुठेही हात जोडले नाहीत. रागिणीने वाचून दाखवलं तेव्हा सुभद्राबाईला स्वतःचंच कौतुक वाटलं.

आता पाठवायचा कसा? ग्रुप करायला बाईचा सक्त विरोध. "ग्रुपात एक जन नाई म्हनंन, अन् त्याच्या मांगं सारेच नाई म्हनतीन." म्हणून रागिणीने व्हॉट्सअ‍ॅपवर ब्रॉडकास्ट यादी केली. एकदाच टाकायचा, आणि प्रत्येकाला आपल्या एकट्यालाच आल्यासारखा दिसेल. अडुसष्ट नावं निवडली आणि पंधरा नोव्हेंबरला दुपारी पाठवला. मेसेजखाली एकच टिक दिसत होती. दुसऱ्या दिवशीही एकच. "साऱ्यायले पोचल्याबिगर दोन टिका येत नाई," रागिणी म्हणाली, "एखाद्याचा फोन बंद असंन." आणि ती गोष्ट तिथेच राहिली.

अकरा जणांचं उत्तर आलं. कोणी अंगठा पाठवला, कोणी 'ठीक आहे ताई'. एकीने लिहिलं, 'आम्हीच म्हणणार होतो, वाढवा म्हणून'. बाकीचे गप्प. सुभद्राबाईने त्या गप्प बसण्याचा अर्थ आपल्या मनासारखा लावला. आपल्या माणसांना उत्तर लिहायची गरज काय, असं ती रागिणीला सांगत सुटली. तो डिसेंबर तिने मोठ्या आनंदात काढला. पहिल्या रविवारी नोव्हेंबरचे जुनेच तीनशे घ्यायचे होते, म्हणून नव्या भावाचा विषय निघालाच नाही. पुडीत दोन शेवंत्या जास्तीच्या जाऊ लागल्या. भाव वाढल्यावर फूल वाढवणारी दुकानदारीण अख्ख्या अकोल्यात हीच असेल.

जानेवारीच्या पहिल्या रविवारी ती आधी किसनरावांकडे गेली. त्यांनी नेहमीप्रमाणे तीनशे पुढे केले.

"सर, तीनशे साठ झाले नं."

"कधीपासून?"

"एक तारखेपासून. डिसेंबरच्या. मेसेज टाकला होता."

किसनरावांनी चष्मा लावला, मोबाईल उघडला, वरखाली पाहिलं. माणूस वाईट नव्हता, पण काटेकोर होता. "मला काही आलेलं नाही, सुभद्राबाई. साठ रुपयांचं काही नाही. पण महिनाभर फुलं द्यायची आणि मग नवा भाव सांगायचा, ही रीत नव्हे."

"नाई सर, सांगतलं होतं. तुमाले नाई सांगीन तं कोनाले सांगीन?"

"बरं, फोन लावा मला. नंबरात चूक असेल."

तिने लावला. किसनरावांच्या हातातला फोन वाजला. नंबर बरोबर होता. पडद्यावर नुसते दहा आकडे होते, नाव नव्हतं. किसनरावांनी ते आकडे पाहिले आणि तिच्याचकडे बघून विचारलं, "हा कोणाचा नंबर?"

पार्वताबाई गेल्या त्या पहाटे ही बाई टोपलीभर फुलं घेऊन सगळ्यात आधी पोचली होती. ते तिला त्या क्षणी आठवलं, आणि आठवल्याचा तिला राग आला. तिने तीनशे घेतले आणि खाली उतरली.

पुढच्या घरांत तेच. एक म्हणाले, गुपचूप वाढवले. एका बाईने तीनशे साठ दिले पण वर म्हणाली, "विचारायचं तरी होतं." सगळ्यांत बोचरं बोलणारे भगवंतराव. ते फाटकातूनच म्हणाले, "मेसेजचं नाव सांगू नका. आमच्या घरात चार फोन आहेत." दुपारी दोनला ती घरी आली आणि टोपली न उतरवताच ओट्यावर बसली.

रागिणीने फोन घेतला, त्या मेसेजवर बोट दाबून माहिती उघडली. कोणाकोणाला पोचला त्याची यादी आली. एकोणीस नावं. तिने पुन्हा मोजली. मग कोणाला तरी फोन करून विचारलं आणि तिचा चेहरा उतरला.

"आत्याबाई, माही चूक झाली. ब्रॉडकास्टचा मेसेज ज्यानं आपला नंबर सेव्ह केला त्यालेच जाते. बाकीच्यायले जातच नाई."

"म्हंजे?"

"म्हंजे एकोनपन्नास घरात तुमचा नंबर नाई."

सुभद्राबाईने उठून स्कूटीवरची टोपली खाली ठेवली. मग म्हणाली, "तुही चूक नाई, माय." आणि रडली. पैशासाठी रडली असती तर सुनेला समजावता आलं असतं. अठरा वर्षं ज्या घरांना ती आपली म्हणत होती, त्यांच्यापैकी एकोणपन्नास घरांत तिचं नावच नव्हतं. ते दुःख रागिणीलाही कळलं.

रात्री रागिणीने एकेकाला वेगळा मेसेज टाकला, चूक सांगून, माफी मागून, डिसेंबर जुन्याच भावाने धरून. पण उशिरा सांगितलेलं खरंही सबबीसारखंच वाटतं. सकाळी नऊ फाटकांना पिशवी नव्हती. पुडी नको हे सांगायची तिथली हीच पद्धत. दुसऱ्या दिवशी सोळा. किसनरावांचीही नव्हती. तिने तो जास्तीचा हार परत टोपलीत ठेवला, आणि घरी येईस्तोवर तो कोमेजला.

त्या शनिवारी तिने ठरवलं की जी घरं उरली त्यांच्याकडे स्वतः जायचं आणि नंबर सेव्ह करून घ्यायचा. पुन्हा असं व्हायला नको. सुरुवात माधवीताईंपासून. त्यांच्या मुलीच्या, आकांक्षाच्या लग्नातल्या मुंडावळ्या तिने रात्र जागून केल्या होत्या आणि पैसे घेतले नव्हते. माधवीताईंची पिशवी अजून फाटकाला होती.

माधवीताईंनी आत बसवलं, चहा ठेवला, सगळं ऐकून घेतलं. "अगं, एवढंच ना? सांग नंबर." सुभद्राबाईने सांगितला. दहाही आकडे टिपून झाल्यावर माधवीताई थांबल्या. "नाव काय गं तुझं?"

"सुभद्रा."

"हो का," त्या म्हणाल्या, आणि लिहू लागल्या. सुभद्राबाई सातवी शिकलेली. समोरून उलटी अक्षरंही तिला लागली. माधवीताईंनी लिहिलं होतं: फुलवाली २.

"एक नंबरची कोन?" तिने विचारलं.

माधवीताई जराशा ओशाळल्या. कप तिच्यापुढे सरकवत म्हणाल्या, "सोमवारपासून ती येणार आहे गं, तीनशेतच देते म्हणाली. तुला कळवणारच होते मी, पण तुझा नंबर कुठे सेव्ह होता माझ्याकडे."