ओट्यावरचा पांढरा माणूस

"हा चुडामणच आहे!"

"शेठ, हा माणूस आहे, एवढंच मी सांगू शकतो. तेही जरा भीत भीत."

"अहो, चाल बघा ना चाल! डावा पाय टाकताना खांदा पडतो की नाही?"

"मला खांदाच दिसत नाही, तर पडतो कुठून?"

जळगावातल्या ठिबक सिंचनाच्या साहित्याच्या दुकानात, गल्ल्यामागच्या छोट्या पडद्यासमोर निर्मलकुमार आणि कॅमेरे बसवणारा हितेंद्र बराच वेळ असे भांडत होते. पडद्यावर दुकानाचा ओटा होता, रात्रीचा. त्यावर पांढरं, लांबट, धुतलेल्या धोतरासारखं काहीतरी सरकत होतं आणि आपल्यामागे नळीचं एक गोल बंडल ओढत होतं. मग क्लिप संपत होती. निर्मलकुमार पुन्हा पहिल्यापासून लावत होते.

तीन पिढ्यांपूर्वी घराणं मारवाडातून आलं. निर्मलकुमार इथेच जन्मले. घरात मारवाडी, बँकेत मराठी आणि गिऱ्हाइकाशी अस्सल अहिराणी. मोतीबिंदूचं ऑपरेशन उशिरा झालं, त्यामुळे मधली काही वर्षं त्यांना चेहरे दिसतच नव्हते. तेव्हा त्यांनी माणसं चालीवरून ओळखायची सवय लावून घेतली. रस्त्याच्या पलीकडून कोणी निघालं, की हे गादीवरून हाक मारत, "या भाईदास नाना, केळीला नळी पाहिजे ना?" नाना ओटा चढेपर्यंत चकित. डोळे बरे झाले तरी सवय गेली नाही. उलट तिचा अभिमान झाला.

आणि आता त्याच अभिमानानं ते सांगत होते, की ओट्यावरून गेलेलं बंडल चुडामण आबांनी नेलं. आबा म्हणजे या ओळीतल्या सगळ्या दुकानांचे रात्रीचे राखणदार. शेजारच्या दोघा दुकानदारांच्या कानावर निर्मलकुमारांनी हे घातलंही होतं. रविवारी सगळे बसून आबांना ठेवायचं की काढायचं ते ठरवणार होते. फक्त आबांना कोणी विचारलं नव्हतं.

पण दोघांना सांगून झाल्यावर निर्मलकुमारांचं मन डळमळायला लागलं. म्हणून त्यांनी हितेंद्रला मेसेज टाकला होता: "हितेंद्रभाऊ, जय जिनेंद्र. रात्रीचं रेकॉर्डिंग आहे पण वाचता येत नाही. माणूस दुसऱ्या दिवशी पाहिला तरी नाक-डोळ्यांसकट ओळखू आला पाहिजे, अशी सेटिंग कोणती ते लिहून पाठवा. तातडीचं आहे. एका माणसाच्या अब्रूचा प्रश्न आहे."

कोणत्या माणसाच्या, ते लिहिलं नव्हतं.

दीपनगरच्या कॉलनीतलं काम आटोपून हितेंद्र सरळ इकडे आला होता. त्यानं माउस हातात घेतला.

"हे पाहा शेठ. अंधारात कॅमेरा उजेड गोळा करायला डोळा जास्त वेळ उघडा ठेवतो. तेवढ्यात माणूस पुढे सरकतो, म्हणून तो फरफटतो. ती वेळ मी कमी करतो. चित्रातली खरखर पुसायची सेटिंग फार चढवलीय, त्यात चेहरेपण पुसले जातात. ती खाली आणतो. बिटरेट, म्हणजे चित्रात साठणारा तपशील, वाढवतो. आणि हालचाल झाली की तेवढंच रेकॉर्ड होतंय, ते सलग करतो."

"मग हा चुडामण स्पष्ट होईल?"

"हा नाही. हा आता असाच राहणार."

"म्हणजे?"

"जे कॅमेऱ्यानं टिपलंच नाही, ते मी कुठून आणू? सेटिंग आजच्या रात्रीपासून. आणि सलग ठेवलं तर हार्डडिस्कवर जुने दिवस लवकर पुसले जातील, ते ध्यानात ठेवा."

निर्मलकुमारांनी पडद्याकडे पाहिलं, मग हितेंद्रकडे. "जुनं नीट दिसत नाही, नवं नीट दिसेल, पण चोरी तर जुनी झाली. मग मी मेसेज कशाला केला?"

"ते मी कसं सांगू शेठ?"

दुसऱ्या दिवशी सकाळी हितेंद्रला पुन्हा फोन. "तुम्ही होतं तेही घालवलंत! सगळं काळं आहे. नुसतं वरच्या कोपऱ्यात काहीतरी पांढरंफेक लटकतंय."

हितेंद्र आला आणि त्यानं रेकॉर्डिंग पाहिलं. डोळा उघडा ठेवायची वेळ कमी केली म्हणजे उजेड कमी पडणार हे त्याला माहीत होतं. पण अंधारात लागणारा कॅमेऱ्याचा स्वतःचा इन्फ्रारेड दिवा तेवढा पुरायला हवा होता. त्यानं दिव्याची सेटिंग पाहिली. चालू. पुसून पाहिली काच. स्वच्छ. दिवसाचं चित्र लावलं. वरच्या कोपऱ्यात काहीतरी हिरवं. रात्रीचं लावलं. तिथेच पांढरं.

"शेठ, शिडी आहे का?"

शिडीवरून आवाज आला, "ही लिंबू-मिरची कोणी बांधली?"

आतून चंदनबाई बाहेर आल्या, निर्मलकुमारांच्या पत्नी. "मी. दर शनिवारी नवी बांधते. एवढा महागाचा कॅमेरा, येणारा-जाणारा बघतो. नजर नाही लागणार?"

"अक्का, कॅमेऱ्याच्या नाकाला बांधलीय! सगळा उजेड हिच्यावर पडतो. रात्रीच्या दिव्यात हिरवी मिरची पांढरी दिसते, लखलख. कॅमेऱ्याला वाटतं उजेड भरपूर झाला, तो चित्र खाली ओढतो. मागचा ओटा अंधारात."

"म्हणजे नजर लागू नये म्हणून बांधलं, आणि त्याचीच नजर गेली?" चंदनबाईंनी विचारलं.

"मी दुकानाच्या चौकटीला बांधू का? तिथे चालेल?" हितेंद्र शिडीवरून म्हणाला.

"चालेल. पण हळू काढ. मिरची तुटू देऊ नको."

निर्मलकुमार खाली उभे राहून दोघांकडे आळीपाळीनं पाहत होते. "एवढे दिवस मी मिरची बघत होतो?"

तिसऱ्या सकाळी चित्र असं निघालं, की ओट्यावरच्या फरश्यांचे सांधे मोजावेत. निर्मलकुमारांनी पुढे पळवलं, थांबवलं आणि टाळी वाजवली.

"आला! हितेंद्रभाऊ, बघा! खांदा!"

चुडामण आबाच होते. नाक, मिशा, कानाला गुंडाळलेला रुमाल, सगळं. त्यांनी ओट्यावरच्या थप्पीतून एक बंडल ओढलं.

"बोला आता! बोला!"

"शेठ, थांबवू नका. आता रेकॉर्डिंग सलग आहे, पुढे चालू द्या."

आबांनी बंडल जिन्याच्या पायरीशी आडवं टाकलं, पोत्याची घडी घालून त्यावर बसले आणि काठी मांडीवर घेतली. बसलेच राहिले. हितेंद्रनं पुढे पळवलं. उजाडायच्या आत आबा उठले, बंडल ओढत आणलं, थप्पीवर ठेवलं, हातानं झटकलं.

निर्मलकुमारांनी बाहेरच्या थप्पीकडे पाहिलं.

"मग ते बंडल गेलं कुठं?" निर्मलकुमारांनी अखेर विचारलं. "तेव्हाही बसायलाच नेलं असेल? की नेलंच? की हे तेव्हा आबाच नव्हते?"

"जुनी क्लिप ओढण्यापाशीच संपते, शेठ. पुढची हालचाल त्या अंधारात कॅमेऱ्यानं धरलीच नाही. त्यापुढचं कोणाजवळच नाही."

"अहो," चंदनबाई हळूच म्हणाल्या, "आपण त्यांना कधी स्टूल दिलं होतं का?"

"माले बलायं का, शेठ?"

आबा दारात उभे होते. शेजाऱ्यांकडून त्यांना संशयाचं कळलं होतं, ते त्यांच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. पडद्यावर ते स्वतः थांबलेले, बंडलावर हात ठेवून. त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"हाऊ मीच शे ना?"

"हो आबा."

"खाले बसाले गार लागस, म्हनीसन," ते पडद्यालाच सांगितल्यासारखे म्हणाले.

चंदनबाईंनी स्टूल पुढे सरकवलं. "बसा आबा, चहा टाकते."

निर्मलकुमार गादीवरून उठले. माफीचे शब्द ओठांवर होते, पण बाहेर आलं ते वेगळंच.

"आबा, फक्त एवढं सांगा. त्या रात्री बंडल परत ठेवलं होतं ना?"

आबांनी स्टुलाकडे पाहिलं, मग निर्मलकुमारांकडे. वळले आणि ओटा उतरले. थप्पीला हात लागू नये म्हणून अंग चोरून, सावकाश, खांदा ताठ ठेवून ते रस्त्यापलीकडे गेले.

गादीपाशी उभे असलेले निर्मलकुमार बघत राहिले. ही चाल त्यांनी पूर्वी कधी पाहिली नव्हती.