मार्फत साहेब

आवक-जावकच्या बाई एकोणीस वर्षं सगळ्यांना एकच सांगत आल्या होत्या, "अर्ज साहेबांमार्फत आणा." एकीचा बाळंतपणाच्या रजेचा अर्जही त्यांनी परत पाठवला होता. बाळ मात्र सहीसाठी थांबलं नाही.

साहेब आपल्या खुर्चीमागे उभे राहून खांद्यावर हात ठेवतात, नको ते बोलतात, अशी लेखी तक्रार बाईंनी छळ तक्रार समितीकडे केली. चौकशी सुरू झाली. साहेब मात्र रोज खुर्चीमागे येतच होते, आणि बाईंच्या कामाचा वार्षिक अहवालही तेच लिहिणार होते. म्हणून बाईंनी अर्ज लिहिला, की चौकशी संपेपर्यंत आम्हाला वेगळं बसवा आणि माझा अहवाल दुसऱ्या कुणाला लिहू द्या. खाली सवयीने 'मार्फत: साहेब' लिहून त्या सहीसाठी थेट साहेबांच्या दारापर्यंत गेल्या. तिथून वळून समितीच्या अध्यक्षबाईंकडे आल्या.

"अहो, ज्याच्यापासून लांब बसायचंय, त्याचीच सही?"

"पद्धत आहे."

"हा अर्ज थेट आमच्याकडेच येतो. बरं, जागा तुम्ही बदलणार का?"

"खिडकी माझी आहे. ती उघडायला मी चार वेळा सुतार बोलावलाय."

अध्यक्षबाईंनी तेवढंही लिहून घेतलं. समितीने शिफारस केली आणि आठवड्यात कार्यालयाचा आदेश निघाला: चौकशी संपेपर्यंत साहेब तिसऱ्या मजल्यावर, बाईंच्या कामावरची देखरेख आणि अहवाल कार्यालयाच्या ग्रंथपालांकडे.

आदेशाच्या गोपनीय लिफाफ्याची नोंद बाईंनीच केली. 'मार्फत'च्या रकान्यात एकोणीस वर्षांत पहिल्यांदा रेघ मारली आणि खिडकी उघडली.