डेस्क दोन

थोरली आणि धाकटी एकाच घरात दिलेल्या जावा, आणि नशीब असं की नोकरीही एकाच ठिकाणी. वॉशिंग मशीन दुरुस्तीच्या कंपनीत ग्राहकांशी चॅटवर बोलायचं, हे काम. थोरलीला नऊ वर्षं झाली होती, धाकटीला दीड. तरी साहेबांनी सहा महिन्यांच्या चॅटचा अहवाल मांडायला सांगितला तो धाकटीला. विभागप्रमुखाची जागा रिकामी होती, त्यामुळे या कामाचा अर्थ शिपायालासुद्धा कळत होता.

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. घरी सासूबाई धाकटीचं कौतुक करतात ते करतात, आता इथेही तेच?

बैठकीच्या दिवशी सकाळी धाकटी घाबरीघुबरी होऊन आली. "ताई, हे बघा ना. चॅट फाइलमध्ये उतरवून घेतले, पण एक्सेलमध्ये मराठीचा पत्ताच नाही. नुसतं à¤ à¤ à¤. चार फॉन्ट बदलून पाहिले."

थोरलीला एका नजरेत कळलं. अक्षरं शाबूत होती. फाइल यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात साठवलेली होती आणि हिने ती डबल क्लिक करून उघडली होती, म्हणून एक्सेल ती जुन्याच पद्धतीने वाचत होतं. फॉन्टचा काही संबंध नव्हता. दोन मिनिटांचं काम.

"मला बाई यातलं काही कळत नाही," ती म्हणाली आणि चहा प्यायला गेली. चहा गोड लागला.

बैठकीत पडद्यावर तोच कचरा आला. साहेबांच्या कपाळावर आठ्या पडल्या आणि धाकटीचा चेहरा पांढरा पडला. हीच वेळ, असं मनाशी म्हणत थोरली पदर सावरून उठली.

"फाइल अशी उघडायचीच नसते, साहेब." तिने कोरी शीट घेतली, डेटा मेनूतून फाइल आत आणायला सांगितली, अक्षरसंकेतांच्या यादीत यूटीएफ-८ निवडलं आणि लोड केलं. पडदाभर स्वच्छ मराठी उमटली. कुणीतरी "वा!" म्हणालं. नऊ वर्षांत तिला कुणी वा म्हटलं नव्हतं.

साहेब पुढे सरकून वाचू लागले. "ग्राहक: मशीनमधून पाणी गळतंय, काय करू? डेस्क दोन: वर लिहिलंय ते नीट वाचा. ग्राहक: मला वाचता येत नाही हो, मुलगा टाइप करतोय. डेस्क दोन: मग त्यालाच विचारा. ग्राहक: परवाच्या डेस्क पाचच्या मॅडमना द्या ना, त्या समजावून सांगतात." साहेब थांबले. खालीही तसंच होतं, ओळीमागून ओळ.

डेस्क दोन थोरलीचं, हे खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. पाच कुणाचं, तेही.

"त्या दिवशी ताईंना ताप होता, साहेब," धाकटी पटकन म्हणाली. ताप वगैरे काही नव्हता. थोरली पडद्याजवळ तशीच उभी राहिली. धाकटीने निदान आपल्याला हसायला तरी हवं होतं, असं तिला वाटत राहिलं.