पुलीची कड

पळस्प्याच्या अलीकडे एक बर्फाचा कारखाना आहे, तिथे मी देखभालीचा इंजिनीअर म्हणून लागलो तेव्हा माझ्याकडे पदविका होती, एक चांगली सरळ पट्टी होती आणि स्वतःबद्दल भलतं चांगलं मत होतं. फिटर होते काका. खाडीकाठच्या गावातले, बावीस वर्षं त्याच कॉम्प्रेसरपाशी. सगळे त्यांना काकाच म्हणत, मालकही. मी त्यांचा साहेब झालो, ही गोष्ट मला पहिल्या दिवसापासून जरा जास्तच आवडली.

अमोनियाचा कॉम्प्रेसर, त्याचं मोठं ओतीव चाक, आणि सव्वा मीटरहून थोडी लांब मोटर. मधे पाच पट्टे. चाकाच्या आणि पुलीच्या खाचांत बसणारे, इंग्रजी व्ही अक्षरासारखे. काका पट्टा अंगठ्याने दाबून ताण ठरवायचे. दाबायचे, मान डोलवायची, नट आवळायचा. मला हसू यायचं. या कारखान्यात अजून अंगठा चालतो, असं मी घरी बायकोला नाक मुरडून सांगितल्याचं आठवतं.

पावसाळ्यात बोटी बंद असतात, बर्फाला मागणी कमी, म्हणून वर्षाची मोठी दुरुस्ती तेव्हा निघते. पहिल्याच दुरुस्तीत मी सरळ पट्टी चाकाच्या तोंडावरून, म्हणजे बाहेरच्या सपाट बाजूवरून, मोटरच्या पुलीच्या तोंडावर टेकवली. टेकेना. पुली आत होती, पंधरा मिलिमीटर. एवढी वर्षं हे कुणाला दिसलं नाही याचं मला नवल वाटलं, आणि खरं सांगायचं तर आनंदही झाला. मी मोटरचे बोल्ट सैल करून ती बाहेर घेतली. पट्टी चारही ठिकाणी लागली, दोन टेके चाकावर, दोन पुलीवर. मोटर ज्यावर सरकते त्या रुळावर पांढऱ्या रंगाची एक जुनी रेघ होती, ती झाकून रूळही नवा रंगवून घेतला.

काका पाठीमागे उभे होते. एवढंच म्हणाले, "साहेब, मोटर होती तितंच ठेवा. तोंड बघू नका, खाच बघा."

मी ऐकलं आणि सोडून दिलं. खाच म्हणजे काय, हे विचारायला चार शब्द लागले असते.

मासेमारी सुरू झाली, कॉम्प्रेसर दिवसरात्र चालायला लागला, आणि पट्ट्यांच्या जाळीखाली काळी भुकटी साचू लागली. रबर झिजत होतं. मग पट्टे खाचेतच उलटे व्हायला लागले. उरणचे टेम्पो दारात उभे, मासळीवाल्या बायका आमच्या नावाने बोटं मोडतायत, आणि काका पट्टा उलटू नये म्हणून मोटर आणखी ताणतायत. ते ताणत होते, हे मी पाहत होतो. दुसरा इलाज त्यांच्या हातात नव्हता, मी ठेवला नव्हता.

तीनेक महिन्यांनी मोटरचं पट्ट्याकडचं बेअरिंग किंचाळू लागलं. मशीन बंद करावं लागलं, टाकीतलं पाणी गोठेना, टेम्पो रिकामे परत गेले. मालकाला कुणाचं तरी नाव हवं होतं. मी म्हटलं, थांबा, मोजून सांगतो.

ताण मोजायचा गेज मी हौसेने आणला होता. जाड पेनासारखा असतो, आत स्प्रिंग, अंगावर दोन रबरी कडी. स्विच काढला, जाळी उतरवली. पट्टा एका चाकावरून सुटतो तिथपासून दुसऱ्याला लागतो तिथपर्यंतचं अंतर घेतलं, बाराशे ऐंशी. त्याचा चौसष्टावा भाग वीस. खालचं कडं विसावर लावलं, गेज पट्ट्याच्या मधोमध काटकोनात धरला आणि कडं शेजारच्या पट्ट्याच्या पातळीला येईपर्यंत दाबला. त्या आकाराच्या पट्ट्याला, त्या पुलीला, गेजबरोबरच्या तक्त्याप्रमाणे नव्या पट्ट्यासाठीसुद्धा साडेसहा किलोच्या वर जायचं नाही. वरचं कडं दाबायला लागलेला जोर दाखवतं, ते अकरावर जाऊन थांबलं. पाचही पट्टे तपासले, अकराच्या आसपासच. मालक बघत होते. काकाही बघत होते. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

अहवालात लिहिलं: फिटरने पट्टे प्रमाणाबाहेर ताणल्यामुळे बेअरिंग निकामी. त्यात खोटा आकडा एकही नव्हता. दुसऱ्या दिवशी काकांना येऊ नका म्हणून सांगितलं गेलं. त्यांनी आपले पाने पुसून पेटीत ठेवले, पेटी भिंतीशी सरकवली आणि निघाले.

नवं बेअरिंग, नवे पट्टे. ताण मी स्वतः लावला, साडेसहा. दोन दिवस चालवून पुन्हा मोजला, थोडा उतरला होता, तक्त्याप्रमाणे नीट केला. पुस्तकात लिहिल्याबरहुकूम. आणि महिन्याभरात जाळीखाली काळी भुकटी. मग एक पट्टा उलटला.

आता अंगठा नव्हता, काका नव्हते. खापर फोडायला मीच उरलो होतो. जाळी उतरवून मी खाली बसलो आणि पहिल्यांदा तोंडाऐवजी खाच पाहिली. चाकाची कड, म्हणजे बाहेरच्या तोंडापासून पहिल्या खाचेच्या मध्यापर्यंत, बत्तीस मिलिमीटर. पुलीची सतरा. चाक जुनं ओतीव, जाड कडेचं. पुली कधीतरी बदललेली, बारीक कडेची. तोंडं जुळवली की खाचा पंधराने चुकणार, आणि पट्टे तोंडात नाही, खाचेत चालतात. रुळावरचा माझा रंग खरवडला. पांढरी रेघ खाली होती. मोटर तिच्यावर नेली, तेव्हा खाचेला खाच लागली.

शरम म्हणतात ती हीच असावी.

काका करंजाड्याला एका सोसायटीच्या गेटवर बसतात असं कळलं. गेलो. निळा सदरा, प्लास्टिकची खुर्ची, समोर येणाऱ्या-जाणाऱ्यांची वही. बोटांच्या चिरांतलं ग्रीस पार निघून गेलेलं. त्यांनी मला ओळखलं आणि तरी सगळ्यांना विचारतात तसंच विचारलं, कोणाकडे आलात. तुमच्याकडेच, म्हटलं. त्यांनी वही माझ्याकडे फिरवली. नाव, वेळ, आणि शेवटचा रकाना, काम.

तोंडाने बोलायची छाती झाली नाही. म्हणून त्या रकान्यात लिहिलं: मोटर मी सरकवली होती. चूक माझी. अक्षरं रकान्यात मावेनात, शेजारच्या ओळीत गेली.

काकांनी चष्मा लावून वाचलं. बराच वेळ लागला त्यांना.

"मना ठावं होतं," ते म्हणाले. मग वहीवर बोट ठेवलं. "पण हितं लिवून काय उपेग? जितं माजं नाव लिवलं, तितं लिवा."

लिहितो म्हटलं. मागून एक गाडी आली, ते दांडा उचलायला उठले, आणि मी वाटेतून बाजूला झालो.

याला चार वर्षं झाली. कॉम्प्रेसर छान चालतो, भुकटी पडत नाही, मालक पाहुण्यांना माझी ओळख कौतुकाने करून देतात. परवा पुन्हा करंजाड्याला गेलो, तर गेटवर दुसरा माणूस होता. काका वारल्याचं त्याने सांगितलं आणि वही पुढे केली. अहवाल कपाटात आहे. त्यात अजून फिटरच आहे.