कोऱ्या चिठ्ठ्यांचे तीन दिवस

आमची पिठाची गिरणी आटगावपासून थोडी आत, रस्त्याला लागूनच आहे. तांदूळ जास्त, मग नाचणी, आणि गहू थोडा. मिरची-मसाला आम्ही दळत नाही, पिठाला वास लागतो. हे आत्ताच सांगून ठेवते, पुढे लागेल.

पूर्वी डब्यावर मी खडूनं खूण करायचे. कुणाला फुली, कुणाला गोल. माझं मला कळायचं, पण डबा उचलताना हात लागला की खूण पुसून जायची. मग एकीची नाचणी दुसरीच्या घरी, आणि दोघी भांडायला माझ्या दारात.

सून आली ती मुरबाडकडची. चार वर्षांत तिनं कधी साडी मागितली नाही की कधी म्हणाली नाही, आई, मला हे पाहिजे. गिरणी हातात घेतल्यावर पहिल्यांदा मागितलं, ते चिठ्ठी छापायचं मशीन. तळहाताएवढंच असतं ते. मोबाइलवर गिऱ्हाइकाचं नाव टाकायचं, कुठलं धान्य, बारीक की जाड, आणि बटण दाबलं की मशीनमधून चिठ्ठी बाहेर. एक डब्यात टाकायची, एक बाईच्या हातात द्यायची. चिठ्ठीच्या तळाला तिनं आपल्या मनानं एक ओळ घातली होती, 'भाकरी गोड लागो.' बायका ती ओळ वाचून हसायच्या आणि चिठ्ठी कमरेला खोचायच्या.

मुलगा कुरकुरला. "चिठ्ठी काय हातानं लिवता येत नाय? इथं पिठाची धूळ किती, चार दिवस चालायचं नाय ते." मग तिचं तोंड बघून म्हणाला, "ठेव. पण दहा दिवसांत दुकानवाले ते परत घेतात. बिघडलं तर मी देऊन टाकणार." ती फक्त हो म्हणाली. पण मी बघत होते ना, रात्री झोपताना ती मशीन रुमालात गुंडाळून ठेवायची.

मध्येच दसरा आला. गिरणीत पूजा मीच करते. मोटरला हळदकुंकू लावलं, दगडाला लावलं, वजनकाट्याला लावलं. मग मशीन दिसलं. बिचारं नवीन, त्याला कसं सोडायचं? वरून सगळं काळंकुळं प्लॅस्टिक, कुठं लावावं कळेना. झाकण उघडलं तर आत कडेला एक बारीक चकचकीत पट्टी. मला वाटलं, हेच याचं कपाळ. ओल्या बोटानं हळदकुंकवाची पाच बोटं ओढली, फूल वाहिलं, हात जोडले. सून तेव्हा घरात नैवेद्याचं बघत होती.

दुसऱ्या दिवशी चिठ्ठ्या फिक्या यायला लागल्या. अक्षरांच्या मधून उभ्या पांढऱ्या पट्ट्या, नावाचा अर्धा भाग गायब. मी विचारलं, "शाई संपली का गो?"

"यात शाई नसते, आई. कागदच तसला असतो. मशीनची पट्टी तापते, आणि ती जिथं तापते तिथं कागद काळा होतो."

तिला वाटलं चार्जिंग कमी असेल. रात्रभर लावून ठेवलं. सकाळी परत तेच. त्या दिवशी अंगणवाडीच्या बाईंची नाचणी भलतीकडे गेली. बाई कोपऱ्यावरूनच ओरडत आल्या, "अगो, ही चिठ्ठी का कोडं? नाव नाय, गाव नाय! माझी नाचणी कोणाच्या ताटात पडली?" सून नुसती हसली, पण कान लाल झाले तिचे.

मला राहवेना. दुपारी ती जेवायला गेली तशी मी मशीन उघडलं, कागदाचं रीळ काढलं, फुंकर मारली, पदरानं बाहेरून पुसलं आणि रीळ परत आत ठेवलं. बटण दाबून बघितलं. चिठ्ठी बाहेर आली, अगदी कोरी, एक टिंबसुद्धा नाही. मशीन होतं तिथं ठेवलं आणि नाचणी चाळायला बसले. कुणाला काही बोलले नाही. लाज वाटते सांगायला, पण नाही बोलले.

तिसरा दिवस रविवार, आणि दहा दिवस त्याच दिवशी भरत होते. मुलगा भातसानगरला कामाला असतो, त्या दिवशी घरी होता. मशीनचा खोका घेऊनच गिरणीत आला. बटण दाबून आलेली कोरी चिठ्ठी उलटसुलट बघितली आणि म्हणाला, "संपलं. आण इकडं ते."

"दहा मिनिटं द्या," सून म्हणाली. आवाज बारीक, पण मशीनवरचा हात काढला नाही तिनं. सकाळीच जाऊन तिनं मेडिकलमधून स्पिरिट आणि कापूस आणला होता. अंगणवाडीच्या बाई डबा घेऊन दारात उभ्याच होत्या. त्या म्हणाल्या, "थांब रे बाबा, ऑपरेशन चाललंय."

सुनेनं आधी कागदाचं टोक फाडलं आणि नखानं जोरात ओरखडलं. काहीच उमटलं नाही. मग टोक उलटं करून दुसऱ्या बाजूला ओरखडलं, तर काळी रेघ उठली. "ही छापायची बाजू," ती म्हणाली. "ही पट्टीकडे पाहिजे. रीळ उलटं बसलंय." तिनं ते फिरवून बसवलं, चिठ्ठी काढली. अक्षरं आली, पण फिकी, आणि पांढऱ्या पट्ट्या तशाच. म्हणजे आधीचं दुखणं वेगळं होतं. तिनं मशीन बंद केलं, जरा निवू दिलं, कापूस स्पिरिटमध्ये भिजवून पट्टीवरून हळूच फिरवला. तान्ह्या बाळाचा डोळा पुसावा तसा.

कापूस लाल-पिवळा होऊन बाहेर आला, वर पिठाचा राप.

"लाल काय गो ते?" मुलानं विचारलं.

सुनेनं कापसाकडे बघितलं, मग माझ्याकडे. एकदाच. आणि म्हणाली, "मिरचीची धूळ असेल."

"मिरची आपण कुठं दळतो?"

तिनं कापूस मुठीत लपवला. जी बाई स्वतःसाठी काही मागत नव्हती, ती माझ्यासाठी खोटं बोलत होती, तेही इतकं कच्चं खोटं! मी चाळणी खाली ठेवली.

"मिरची नाय रे ती. माझं कुंकू हाय. दसऱ्याला मीच लावलं, आत. आणि रीळ पण मीच उलटं घातलं. तिची काय चूक नाय, मशीनची पण नाय."

मुलगा बघतच राहिला. "आये, कपाळ सापडलं पण तुला त्याचं!" आणि जो हसायला लागला! बाई तर डब्यावर हात आपटून हसल्या. मी हसावं की रडावं मला कळेना. सून हसत नव्हती. तिनं दुसरा कापूस फिरवला, तो स्वच्छ आला. पट्टी सुकेपर्यंत थांबली, आणि रीळ माझ्या हातात दिलं.

"तुमी घाला, आई."

"नको गो, परत उलटं जाईल."

"नख आहे ना तुमचं? मग."

मी ओरखडलं. काळी रेघ आली. ती बाजू पट्टीकडे केली, टोक बाहेर ठेवलं, झाकण दाबलं, खट्ट आवाज आला. तिनं मोबाइलवर बाईंचं नाव टाकलं, नाचणी, बारीक. चिठ्ठी आली ती अशी काळीभोर, की चष्म्याशिवाय मला वाचता आली.

बाईंनी ती घेतली, अक्षर न् अक्षर वाचलं आणि मुलाकडे बघून म्हणाल्या, "आता न्यायचं काय परत?"

त्यानं खोका उचलला, त्याच्या चारी बाजू फाडून चपटा केला आणि घरात नेऊन चुलीजवळच्या सरपणावर टाकला. बिनखोक्याची वस्तू कुणी परत घेत नाही, हे त्याला आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक.