परत आलेला ड्रोन

देवळालीत उसावर ड्रोननं फवारणी करणाऱ्या अल्मास शेखला कुणी मधे बोललेलं खपत नसे. ड्रोन आपोआप माघारी आला की पट्टा संपला, हा तिचा रोजचा अनुभव.

एका दुपारी ओढ्याकडं शेळ्यांमागं गेलेली गावातली गोजरबाई घरी आलीच नाही. अल्मासनं कॅमेऱ्याचे तीन ड्रोन ओढ्यावर सोडले, प्रत्येकाला एक पट्टा. शेजारच्या पट्ट्यांची कड एकमेकांच्या चित्रात यावी एवढंच अंतर ठेवलं. टक्कर नको म्हणून प्रत्येकाची उंची वेगळी. सिग्नल तुटला तर ड्रोननं माघारी यायचं, हेही तिनंच ठरवून दिलं होतं.

तिसरा ड्रोन परतला.

"हा पट्टा झाला," ती म्हणाली.

गोजरबाईचा मुलगा सुनील पुटपुटला, "ताई, हा लई लवकर आला न्हाई का?"

"मला शिकवू नकोस!"

तिनं नकाशावर तो पट्टा हिरवा केला आणि शोधायला आलेली माणसं नदीकडं पिटाळली.

तिसऱ्या दिवशी गोजरबाई ओढ्याच्या वळणापलीकडं सापडली. पाय मोडलेला, जीव गेलेला. पहिली रात्र तिनं काढली असावी, असं डॉक्टर म्हणाले. अल्मासनं तिसऱ्या ड्रोनची नोंद उघडली. वळणावरच्या उंच दरडीआड सिग्नल तुटला होता. पुढचे तीनशे मीटर कुणी पाहिलेच नव्हते.

दहाव्यानंतर ती सुनीलकडं गेली. "तू बरोबर बोलला होतास. मीच ऐकलं नाही."

सुनीलनं शेळीचं दावं खुंट्याला बांधलं.

"मीच मोठ्यानं बोलाया पायजे हुतं, ताई."