पंचवीसच्या आतली माणसं

सिस्टरनं आयुष्यात एकच लबाडी केली आणि तीही दुसऱ्यांच्या भल्यासाठी. मी नुसता साक्षीदार नव्हतो, भागीदार होतो. ती वजन लिहायची आणि मी रक्त काढायचो.

आमचा दवाखाना म्हणजे कोल्ड स्टोरेजच्या गेटामागच्या दोन खोल्या. बाहेर वजनकाटा, उंचीची पट्टी आणि सिस्टरचं टेबल. आत मी आणि माझं मशीन. वर्षातून एकदा कामगारांची तपासणी व्हायची. मुख्य कार्यालयाचा नियम असा, की वय पस्तिशीच्या पुढे आणि बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, पंचवीस किंवा त्याच्या वर असेल तरच तीन महिन्यांच्या साखरेची टेस्ट करायची. पंचवीसच्या आत असेल तर फॉर्मवर ‘गरज नाही’चा शिक्का, आणि पुढचा माणूस. डॉक्टरांनी दोन पानं कारण लिहून सही केली तर त्या माणसापुरती सवलत मिळून टेस्ट व्हायची. पण आमचे जुने डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे आणि खुर्ची गरम व्हायच्या आत उठायचे.

सिस्टरचा नवरा तिथेच फोर्कलिफ्ट चालवायचा. काडीपैलवान माणूस. पोट मात्र जरासं पुढे, त्यावरून आम्ही त्याची चेष्टा करायचो. त्याचा आकडा साडेबावीस. ओळीनं तीन वर्षं त्याच्या फॉर्मवर शिक्का मारला तो सिस्टरनंच. चौथ्या वर्षी बुटानं टाचेला फोड आला, त्याला कळलाच नाही. पायाची जाणीव गेली होती. साखर निघाली चारशेच्या वर. पाय गुडघ्याखाली कापला आणि चौदा महिन्यांनी माणूसही गेला. मोठ्या हॉस्पिटलातले डॉक्टर म्हणाले, सात-आठ वर्षं तरी अंगात असणार.

महिन्याभरानं ती कामावर आली. पहिलाच कामगार असाच, हाडं मोजून घ्यावीत असा. उंची अनवाणी घेऊन झाली. तो काट्यावर चढण्याआधी थंडीचा जाड सूट काढायला लागला.

“राहू दे,” सिस्टर म्हणाली. “बूटही घाल परत. चढ.”

“अहो सिस्टर, पाच किलोचं ओझं आहे हे!”

“मी विचारलं का तुला?”

त्रेसष्टचे अडुसष्ट झाले, सव्वातेविसाचे पंचवीस. तिनं फॉर्म माझ्याकडे सरकवला, माझ्याकडे बघितलं नाही. मी सुई टोचली. तीन महिन्यांच्या टेस्टमध्ये त्याचा आकडा आला नऊ पूर्णांक एक, आणि साडेसहाच्या पुढे तर मधुमेहच म्हणतात. त्या माणसाला तहान नाही, थकवा नाही, काही नाही. गोळ्या सुरू झाल्या आणि आज तो धडधाकट आहे.

सहा वर्षं हे चाललं. सूट आणि बूट घालूनही जे पंचवीसला पोचायचे नाहीत, त्यांच्यावर शिक्का मारताना तिचा चेहरा मला बघवत नसे. पण जे पोचले त्यांच्यात एक्केचाळीस जणांना साखर निघाली. तपासणी बिनकामाची म्हणणाऱ्यांना मी हा आकडा छाती फुगवून सांगायचो.

मग नवी डॉक्टर आली. तरुण आणि भांडकुदळ, आणि हे मी कौतुकानं म्हणतोय. तिनं आल्या आल्या मुख्य कार्यालयाशी वाद सुरू केला. दक्षिण आशियाई लोकांचा कट-ऑफ पंचवीसवरून तेवीस करा. “आपली माणसं बारीक दिसतात, पण चरबी पोटात आणि यकृतात साठते, स्नायू कमी असतात, इन्सुलिन लवकर अपुरं पडायला लागतं. इतरांना जे जास्त वजनावर होतं, ते आपल्याला कमी वजनावर होतं, आणि लवकर.”

कार्यालयातले मोठे साहेब स्वतः आले. माणूस वाईट नव्हता, हीच पंचाईत. ते म्हणाले, “तेवीस केलं तर टेस्ट दीडपट होतील. त्यातले बरेच निरोगी निघतील, काही काठावरचे निघतील आणि उगाच धास्तावतील. आणि धोका काही तेविसाला सुरू होत नाही, तो हळूहळू चढत जातो. मग बावीस का नको? एकवीस का नको? काही जण तर म्हणतात, वजन सोडा आणि कंबर मोजा. मी रेघ कुठे मारू? तुमची नोंदवही दाखवा. सवलतीवर तपासलेले धरून, पंचवीसच्या आतले किती सापडले?”

डॉक्टरनं मोठ्या आशेनं वही उघडली. खरोखर जाड असलेल्यांच्या नावांत मिसळलेली आमची एक्केचाळीस नावं, आणि समोर पंचवीस पूर्णांक एक, पंचवीस पूर्णांक तीन, सव्वीस. पंचवीसच्या आत एकही नाही.

“बघा,” साहेब म्हणाले. “तुमचीच वही सांगते, पंचवीसची रेघ बरोबर आहे. सगळे तिच्या वरच सापडलेत.”

मी गप्प बसलो, हे कबूल करतो. सिस्टर उभी राहिली.

“साहेब, यातले एक्केचाळीस पंचवीसचे नाहीत. मी त्यांना सूट-बुटासकट तोललं.”

डॉक्टरनं विचारलं, “सगळ्यांना?”

“जे जे बारीक होते त्या सगळ्यांना. तेवीस होते, चोवीस होते. मला एकेक माणूस पाठ आहे.”

“खरी वजनं कुठे लिहिलीत?” साहेबांनी विचारलं.

तिनं मान हलवली. कुठेच नव्हती. आत्ता तोलून काय उपयोग? गोळ्या आणि पथ्यावर सगळ्यांची वजनं बदललेली.

डॉक्टरचे डोळे भरले, रागानं की कशानं ते मला कळलं नाही. “सिस्टर, हेच एक्केचाळीस मला हवे होते हो! दरवर्षी दोन-दोन पानं मी लिहिली असती.”

“तुम्ही तेव्हा नव्हतात, बाई.”

मग डॉक्टर हळूच म्हणाली, “आणि तुमचे मिस्टर साडेबावीस होते ना? तेविसातसुद्धा ते बसत नव्हते.”

“माहीत आहे मला. त्यांच्यासाठी नाही मागत. त्यांच्या शेजारच्या लॉकरवाला बसतो.”

साहेबांनी वही मिटली. खोटी वजनं असलेली वही पुरावा म्हणून कोण मानणार? ते खोटं नव्हते बोलत. तेविसाचा प्रस्ताव बारगळला. सिस्टरला निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना घरी पाठवलं. मला ताकीद मिळाली आणि मी ती निमूट घेतली. तिच्याबरोबर उभं राहायला हवं होतं, ही लाज मला अजून खाते.

आता नवा काटा आला आहे. त्यावर अनवाणी आणि हलक्या कपड्यांत चढायचं. तो उंची-वजन स्वतःच मोजतो, स्वतःच कार्यालयाला पाठवतो आणि पंचवीसच्या आत असेल तर माझ्या मशीनची चिठ्ठीच काढत नाही. डॉक्टर जमेल तेवढ्यांसाठी दोन-दोन पानं लिहिते. दिवसाला तीन-चार, त्यापुढे हात चालत नाही.

या वर्षीच्या तपासणीच्या पहिल्या दिवशी संध्याकाळी सिस्टरचा फोन आला.

“किती परत गेले रे?”

“एकोणीस.”

“त्यांतल्या किती जणांना असेल?”

एकोणीस माणसं शर्ट चढवत, हसत, आपल्याला काही नाही म्हणून खुशीत कामावर गेली होती. मी काय सांगणार? एकाचंही रक्त माझ्याकडे आलं नव्हतं.